गावरस्त्यावरील खड्ड्यांसाठी डांबराचा हिशेब

डांबरी गावरस्त्यावरचा खड्डा बुजवायला किती डांबर लागेल, हे खड्ड्याच्या क्षेत्रफळावरून आणि खोलीवरून काढण्याची रीत. आधी भरायच्या जागेचे घनफळ काढतात, घनफळावरून दाबून बसलेल्या मालाचे (खडी, कच आणि डांबर यांच्या मिश्रणाचे) वजन काढतात आणि त्या वजनातला डांबराचा वाटा वेगळा करतात. तळाला आणि कडांना फासायचा डांबरी हात, म्हणजे टॅक कोट, याचा हिशेब वेगळा धरावा लागतो, कारण तो वजनावर ठरत नाही, पृष्ठभागावर ठरतो. गुणाकार सोपा असतो. माल कमी पडतो किंवा उरतो तो बहुतेक वेळा चुकीच्या मोजमापामुळे.

मुंबईत गावरस्ता म्हटल्यावर काहींना आश्चर्य वाटेल. पण मनोरी, गोराई, मढ ही गावे आणि आरेतले पाडे मुंबईतच आहेत. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन्ही जिल्ह्यांना जिल्हा परिषद नाही. त्यामुळे राज्यात इतरत्र ग्रामीण मार्गांची डागडुजी जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग पाहतो, तशी सोय इथे नाही. दुसरीकडे, गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांची मुंबईतली ग्रामस्थ मंडळे वाडीच्या रस्त्यासाठी वर्गणी काढतात, तेव्हा त्यांच्यापुढे पहिला प्रश्न हाच येतो की डांबर किती मागवायचे. रस्ता मनोरीचा असो वा कोकणातल्या वाडीचा, हिशेब एकच.

मोजायचा तो दिसणारा खड्डा नव्हे, छाटल्यानंतरचा चौकोन. पाण्याने आणि चाकांनी पडलेला खड्डा मध्ये खोल आणि कडेला उथळ असतो. त्याच्या कडा आतून पोखरलेल्या असतात. अशा उतरत्या कडेवर माल भरला तर काठाशी त्याचा थर अगदी पातळ होतो आणि तो पापुद्रा थोड्याच दिवसांत उडतो. म्हणून घट्ट रस्ता लागेपर्यंत बाहेर सरकून खडूने चौकोन आखतात, कडा छिन्नी-हातोड्याने किंवा ब्रेकरने उभ्या छाटतात, तळ सपाट करतात आणि सुटी खडी, धूळ, पाणी काढून टाकतात. फूटपट्टी त्यानंतर लावायची.

या फरकाचा आकार उदाहरणाने नीट कळतो. समजा, मनोरीच्या एखाद्या अरुंद रस्त्यावर ९० सेंमी लांब आणि ६० सेंमी रुंद असा लांबट गोल खड्डा आहे, मध्ये ७ सेंमी खोल. त्याचे क्षेत्रफळ साधारण ०.४२ चौ.मी. भरते. तळ वाटीसारखा असल्याने सरासरी खोली निम्मी धरली, तर घनफळ ०.०१५ घ.मी.च्या आसपास येते. आता चारी बाजूंनी दहा-दहा सेंमी सरकून चौकोन आखला, की १.१ मी. × ०.८ मी. म्हणजे ०.८८ चौ.मी. झाले. तळ सगळीकडे ७ सेंमीवर सपाट केल्यावर घनफळ ०.०६१६ घ.मी. होते. म्हणजे दिसणाऱ्या खड्ड्याच्या चौपटीहून थोडे जास्तच. वाटीच्या अंदाजाने माल मागवला तर पहिल्या काही खड्ड्यांतच ट्रॉली रिकामी होते, आणि मग पुढचे खड्डे न छाटता वरवर माल ओतून बुजवले जातात. रस्त्यावरचे बरेचसे पॅच पहिल्या पावसात उखडतात, त्याचे एक मूळ या कमी धरलेल्या घनफळात असते.

घनफळ मिळाले की वजनाचे सूत्र असे:

मालाचे वजन (किलो) = लांबी (मी.) × रुंदी (मी.) × खोली (मी.) × दाबलेल्या मालाची घनता

डांबर (किलो) = मालाचे वजन × डांबराचे टक्के ÷ १००

दाटीच्या हॉटमिक्सची, म्हणजे गरमच भरायच्या घट्ट मालाची, दाबलेली घनता साधारण २,३०० किलो प्रति घ.मी. धरतात आणि डांबर वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास असते. आपला खड्डा पूर्ण याच मालाने भरला, तर ०.०६१६ × २,३०० म्हणजे १४२ किलो माल आणि त्यात ७.१ किलो डांबर. लहान खड्ड्याला एकच माल भरणे व्यवहाराला सोपे जाते, म्हणून हा आकडा बहुतेक ठिकाणी चालतो.

गावरस्त्याची बांधणी मात्र पुष्कळदा थरांची असते: खाली खडीकरण, त्यावर बीएमसारखा जाड खडीचा डांबरी थर आणि वर कार्पेट, म्हणजे बारीक खडीचा २० मिमी डांबरी थर, व त्याच्या फटी बुजवणारा सीलकोट. खड्ड्यालाही तशीच बांधणी द्यायची ठरवली तर हिशेब थरागणिक करावा लागतो. खालच्या ५ सेंमीत बीएम भरले, तर घनफळ ०.०४४ घ.मी. आणि, घनता २,२०० धरून, वजन ९७ किलो. बीएममध्ये डांबर ३.४ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ३.३ किलो. वरच्या २० मिमी कार्पेटला केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांप्रमाणे दर १० चौ.मी.ला १४.६ किलो डांबर लागते आणि बारीक कच मिसळून केलेल्या सीलकोटला ६.८ किलो. दोन्ही मिळून चौरस मीटरला २.१४ किलो. आपल्या ०.८८ चौ.मी.ला १.९ किलो. एकूण झाले ५.२ किलो. खड्डा तोच, पण मालाप्रमाणे डांबर पाच किलो ते सात किलो एवढे बदलले. म्हणूनच कोणता माल भरायचा हे ठरवल्याशिवाय ‘एका खड्ड्याला डांबर किती’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

टॅक कोटला सहसा डांबराचे इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेले डांबर, वापरतात, चौरस मीटरला साधारण पाव किलो. त्याचे क्षेत्रफळ धरताना उभ्या कडा विसरल्या जातात. आपल्या चौकोनाचा घेर ३.८ मी. आणि खोली ०.०७ मी., म्हणजे कडांचे ०.२७ चौ.मी. तळाचे ०.८८ मिळवून १.१५ चौ.मी. होतात आणि इमल्शन जेमतेम ३०० ग्रॅम लागते. आकडा लहान आहे, पण जुना रस्ता आणि नवा माल यांचा सांधा यावरच टिकतो. कडांना ब्रशने हात दिला नाही तर चौकोनाभोवती बारीक फट उघडते आणि पाणी तिथूनच आत शिरते. मात्र जास्त ओतूनही भागत नाही. तळाशी डबके साचले तर ते उन्हात वर येते आणि पॅच घसरतो. इमल्शन तपकिरी असते. ते काळे पडले, म्हणजे त्यातले पाणी सुटले, की मगच माल भरायचा.

साइटवर वजनकाटा नसतो, घमेले असते. त्यामुळे सुरुवातीला एक घमेले सुट्या मालाने भरून एकदा वजन करून घ्यावे. ते २० किलो भरले तर आपल्या १४२ किलोंना सात घमेल्यांहून किंचित जास्त माल लागतो. सुटा माल दाबल्यावर बसतो, म्हणून ५ सेंमीचा पक्का थर हवा असेल तर तो सव्वासहा सेंमीच्या आसपास पसरावा लागतो. ७ सेंमीचा खड्डा एका दमात न भरता दोन थरांत भरून प्रत्येक थर धुम्मसाने किंवा लहान रोलरने दाबावा. दाबून झाल्यावर पॅच रस्त्यापेक्षा किंचित उंच राहिला पाहिजे. वाहतुकीखाली तो आणखी बसतो. सांडलवंड धरून एकूण मालात पाच टक्के वाढ पुरते. त्याहून जास्त लागत असेल तर खोली पुन्हा मोजावी.

प्रमाण चुकले की पॅच ते लवकरच दाखवतो. डांबर कमी असेल तर खडी करडी, कोरडी दिसते, बोटाने सुटते आणि चार दिवसांत रस्त्याच्या कडेला तिचा ढीग जमतो. जास्त असेल तर पॅच आरशासारखा काळा चमकतो, एप्रिल-मेच्या उन्हात डांबर वर येते आणि चाकांच्या खुणा उमटतात. तिसरी खोट हिशेबात दिसतच नाही: लाकडाच्या जाळावर ड्रम फार वेळ तापवला की डांबर जळते, त्याचा चिकटपणा गेलेला असतो आणि वजन बरोबर असूनही खडी धरत नाही. नेहमीच्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराला १५० ते १६५ अंश सेल्सिअस पुरते. माल पसरताना १४० च्या खाली आणि दाबताना ९० च्या खाली जाऊ नये. मुंबईहून लांबच्या वाडीवर गरम माल ट्रकने नेताना या शेवटच्या आकड्याचा विचार आधी करावा, कारण थंड झालेला माल कितीही दाबला तरी पोकळ राहतो.

जून ते सप्टेंबरमध्ये हा सगळा हिशेब बदलतो. ओल्या खड्ड्यात गरम माल टाकला की वाफ होते आणि डांबर तळाला धरत नाही. तेव्हा पिशवीबंद कोल्डमिक्स, म्हणजे न तापवता भरायचा तयार माल, घेतात. यात डांबर आधीच मिसळलेले असते, त्यामुळे टक्केवारी काढत बसायचे कारण नाही, फक्त मालाचे वजन हवे. त्याची दाबलेली घनता थोडी कमी, २,१०० धरली, तर आपल्या खड्ड्याला १२९ किलो, म्हणजे २५ किलोच्या सहा पिशव्या. माल इमल्शनने साइटवरच मिसळायचा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: इमल्शनमध्ये डांबर साधारण ६० टक्केच असते, बाकीचे पाणी. ७ किलो डांबर हवे असेल तर इमल्शन पावणेबारा किलो लागते. सातच किलो घातले तर पॅच डांबराविना उपाशी राहतो. आणि कोल्डमिक्सलाही साचलेले पाणी चालत नाही. ते आधी काढून, फडक्याने तळ टिपून घ्यावाच लागतो.

अनेक खड्ड्यांची यादी करताना सगळ्यांची सरासरी खोली काढून एकूण क्षेत्रफळाला गुणण्याची सवय आहे. ती चुकीची आहे. २ चौ.मी.चा ३ सेंमी खोल खड्डा आणि अर्ध्या चौ.मी.चा ९ सेंमी खोल खड्डा घेतला, तर खरे घनफळ ०.०६ अधिक ०.०४५ म्हणजे ०.१०५ घ.मी. सरासरी ६ सेंमी धरून अडीच चौ.मी.ला गुणले तर ०.१५ येते, जवळजवळ दीडपट. प्रत्येक खड्ड्याचे घनफळ वेगळे काढून मगच बेरीज करावी. मोजमाप वहीत लांबी, रुंदी, खोली हे तीन रकाने स्वतंत्र ठेवले की पुढे बिल तपासणाऱ्यालाही तेच आकडे पट्टीने पडताळता येतात.

खोली दहा सेंमीच्या पुढे गेली किंवा तळाशी खडीकरण सुटून माती-मुरूम दिसू लागला, तर सगळी खोली डांबरी मालाने भरू नये. खालचा भाग खडी आणि मुरूम पाणी मारून, दाबून भरून घ्यायचा आणि वरच्या सहा-सात सेंमीलाच डांबराचा हिशेब लावायचा. अशा जागी पाणी बहुधा खालून किंवा तुंबलेल्या गटारातून येत असते. गटार मोकळे केल्याशिवाय तिथे घातलेले डांबर टिकत नाही. आणि एखाद्या पट्ट्यात आखलेले चौकोन एकमेकांना चिकटू लागले, तर खड्डे मोजणे सोडून सबंध पट्ट्याचे क्षेत्रफळ घ्यावे आणि नव्या कार्पेटचा अंदाज करावा.