ऐंशी अधिक वीस म्हणजे शंभर नव्हे

परवा ठाण्यात एका व्यवसाय-मार्गदर्शन शिबिराला माझी वहिनी जाऊन आली. डब्यांचा व्यवसाय आहे तिचा, रोज साधारण ११० डबे जातात. आली ती वहीत एक वाक्य लिहूनच: "८० टक्के तक्रारी २० टक्के कारणांमुळे येतात, हा निसर्गनियम आहे." मला म्हणाली, "भाऊजी, माझी तक्रारींची वही बघा आणि ती वीस टक्के कारणं शोधून द्या."

निसर्गनियम हा शब्द ऐकला की मला खाज सुटते. शिवाय ८० आणि २० ची बेरीज १०० होते हा निव्वळ योगायोग. ८० टक्के तक्रारींचे, २० टक्के कारणांचे. दोन वेगळ्या गोष्टींची टक्केवारी. १५ टक्के कारणांतून ९० टक्के तक्रारी येऊ शकतात, तशाच ४० टक्के कारणांतून ६०.

या ८०-२० च्या नियमाला नाव आहे पारेतोचं. विल्फ्रेडो पारेतो या इटालियन अर्थशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्पन्नाच्या विषम वाटणीचा अभ्यास केला. तक्रारींशी त्याचा संबंध नाही. त्याचं नाव कारखान्यातल्या दोषांना चिकटवलं ते अमेरिकेतल्या जोसेफ जुरान या गुणवत्ता-तज्ज्ञाने. पुढे १९७५ मध्ये जुरानने चक्क लेख लिहून चूक कबूल केली, की पारेतोने एवढं व्यापक काही म्हटलंच नव्हतं, ते सामान्यीकरण माझं. नाव मात्र पारेतोचंच राहिलं.

त्याच नावाच्या आलेखाची पद्धत साधी आहे. तक्रारींचे प्रकार पाडा, मोजा, उतरत्या क्रमाने स्तंभ काढा, आणि वरच्या दोनतीन स्तंभांना हात घाला. वहिनीच्या तीन महिन्यांच्या वहीत १६८ तक्रारी निघाल्या. डबा उशिरा आला ४२, पोळ्या गार आणि वातड ३६, आमटी सांडली ३३, डबे बदलले २२, चव १८, हिशोब ९, इतर ८.

"म्हणजे आधी उशीर," वहिनी म्हणाली.

इथेच थांबायचं. घरातला लुडोचा फासा काढला आणि ६० वेळा टाकला. कोणता आकडा किती वेळा पडला ते उतरत्या क्रमाने लावलं: १५, १२, ११, ९, ८, ५. काय सुरेख उतार! पहिल्या दोन आकड्यांनी ४५ टक्के वेळा बाजी मारली. पण फासा तर सरळ आहे, कुठल्याच आकड्यात खास काही नाही. उतार फाशाने दिला नाही, आपल्या क्रम लावण्याने दिला. कुठलेही आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडले की उतार दिसणारच. त्यामुळे आलेख उतरता आहे हा कशाचाच पुरावा नाही. प्रश्न एवढाच, की ही उतरण नुसत्या योगायोगाने येईल त्याहून जास्त आहे का?

त्याला एक घरगुती कसोटी आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या घटना मोजल्या, तर त्या मोजणीत साधारण तिच्या वर्गमुळाएवढी चलबिचल आपोआप असते. म्हणून दोन स्तंभांची तुलना करताना दोन्ही आकड्यांची बेरीज घ्या, तिचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा. दोन स्तंभांतला फरक त्याहून कमी असेल, तर कोण वर नि कोण खाली याला अर्थ नाही. उशीर ४२, वातड पोळ्या ३६. बेरीज ७८, वर्गमूळ जवळपास ९, दुप्पट १८. फरक फक्त ६. पुढच्या तिमाहीत काहीही न बदलता हा क्रम सहज उलटू शकतो. उलट उशीर ४२ आणि डबे बदलले २२ यांत बेरीज ६४, वर्गमूळ ८, दुप्पट १६, फरक २०. हा धरायला हरकत नाही. थोडक्यात वरचे तीन स्तंभ सारखेच, आणि ते चव, हिशोब, इतर यांच्यापेक्षा वेगळे. (एका धो धो पावसाच्या दिवशी दहा डबे उशिरा गेले तर त्या दहा तक्रारी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. असा दिवस एकदाच मोजावा, नाहीतर ही कसोटी फसते.)

दुसरी अडचण याहून मोठी. "पोळ्या वातड" हे कारण नव्हे, लक्षण आहे. वहीत नोंद लक्षणाची होते, दुरुस्ती कारणाची करायची असते. म्हणून प्रत्येक तक्रारीपुढे डबा कोणत्या फेरीत गेला आणि कोणता होता, हे वहिनीने आठवून आणि डबेवाटपाचा कागद बघून लिहिलं. दोन संध्याकाळी गेल्या. उशिराच्या ४२ पैकी २७ तक्रारी दुसऱ्या फेरीच्या निघाल्या, वातड पोळ्यांच्या ३६ पैकी २४, आणि बदललेल्या डब्यांच्या २२ पैकी ११. दुसऱ्या फेरीत डबे जातात ११० पैकी फक्त ३८, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. हा भागाकार विसरू नये. ११० पैकी ७० डबे त्याच फेरीत जात असते, तर २७ चं काहीच नवल नव्हतं.

गोष्ट अशी होती, की वाटप करणारा मुलगा एकच. तो पहिली फेरी संपवून परत येईपर्यंत दुसऱ्या फेरीचे भरलेले डबे ओट्यावर बसून राहत. पोळी गार होताना तिच्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो, म्हणून ती वातड होते. मुलगा आला की घाईघाईत डबे पिशवीत, त्यात नावांची अदलाबदल. एक कारण, तीन वेगवेगळ्या स्तंभांत विखुरलेलं: २७, २४ आणि ११, मिळून ६२. आमटीच्या ३३ पैकी २९ तक्रारी जुन्या डब्यांच्या होत्या, त्यांच्या झाकणातली रबराची रिंग कडक झाली होती. दोन कारणं, ९१ तक्रारी. १६८ च्या ५४ टक्के. ऐंशी नाहीत, आणि ऐंशी व्हायलाच हवेत असंही नाही.

मधल्या काळात एका नातेवाइकाने दारावर लिंबू-मिरची टांगली. रिंगेला त्याचा काही उपयोग झाला नाही.

मोजणीची एक मर्यादाही सांगतो. "इतर"च्या आठांत एक तक्रार भाजीत काचेचा तुकडा निघाल्याची होती. संख्या एक. पण ती सर्वांत आधी हाताळावी लागते, त्याच दिवशी, आलेख न काढता. वारंवारता आणि गांभीर्य वेगळी मापं आहेत आणि हा आलेख फक्त पहिलं दाखवतो.

वहिनीने दुसऱ्या फेरीला वेगळा मुलगा ठेवला आणि रिंगा बदलल्या. पुढच्या तीन महिन्यांत डब्यांची संख्या तेवढीच, तक्रारी १६८ वरून ९० वर. उशीर १७, पोळ्या १४, डबे बदलले १४, आमटी ६. पण चवीच्या तक्रारी २१ झाल्या आणि सर्वांत वर जाऊन बसल्या. वहिनीचा चेहरा उतरला. "माझ्या हातची चव गेली का हो?"

१८ आणि २१. बेरीज ३९, वर्गमूळ सहाच्या थोडं वर, दुप्पट साडेबारा, फरक ३. चव तिथेच होती, वरचे खाली आले एवढंच. नव्या आलेखात आधी एकूण उंची बघायची, मग क्रम.

तरी तिने त्या २१ नोंदी वेगळ्या काढल्या. ११ जणांना भाजी तिखट लागली होती, १० जणांना आळणी.