स्मोक हूड

आग लागलेल्या इमारतीतून बाहेर पडताना डोक्यावरून ओढून घ्यायचा, गळ्याशी घट्ट बसणारा टोप म्हणजे स्मोक हूड. डोळ्यांसमोर पारदर्शक पट्टी, आत नाक-तोंड झाकणारा छोटा मुखवटा, त्याला जोडलेला गाळणीचा डबा आणि उच्छ्वास बाहेर सोडणारी झडप, एवढीच त्याची रचना. काही मुखवटे फक्त नाक-तोंडापुरते असतात, पण धुराने डोळे मिटले की वाट दिसत नाही, म्हणून घरासाठी टोपच योग्य. तो एकदाच वापरायचा असतो आणि फक्त सुटकेसाठी. तो घालून आग विझवायला किंवा कपाटातले दागिने आणायला परत आत जायचे नसते. अग्निशमन दलाचे जवान पाठीवर हवेची टाकी घेऊन आत शिरतात. या टोपात हवा नसते, फक्त गाळणी असते. पुढे येणाऱ्या सगळ्या मर्यादा या एका फरकातून निघतात.

घरातल्या आगीत बहुतेक माणसे भाजून नव्हे, तर धुराने जातात. धुरातली काजळी दिसते, खोकला आणते आणि माणसाला सावध करते. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. हवेत त्याचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास गेले, तर दोन-तीन श्वासांत शुद्ध हरपते. बंद खोलीत हवा कमी पडून धुमसणाऱ्या आगीच्या धुरात हे प्रमाण येऊ शकते. जोडीला फोमची गादी आणि सोफा जळताना हायड्रोजन सायनाइड निघतो, वायरींवरचे पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड, आणि लाकूड किंवा तेल धुमसताना डोळे जाळणारा अ‍ॅक्रोलिन.

कोविडच्या दिवसांपासून घरोघरी पडून असलेला एन-९५ यातली फक्त काजळी अडवतो. ओला पंचा काजळीबरोबर पाण्यात विरघळणारा हायड्रोजन क्लोराइडही थोडाफार धरून ठेवतो. कार्बन मोनॉक्साइड या दोन्हींतून सरळ आरपार जातो. ओल्या पंचाने घशाची जळजळ थांबते आणि आता श्वास घ्यायला हरकत नाही असे वाटू लागते, हाच त्याचा खरा धोका. दाराखालची फट बुजवायला ओला पंचा उत्तम, पण तो नाकाशी धरून धुराने भरलेला जिना उतरणे जिवावर बेतू शकते.

स्मोक हूडच्या डब्यात थर असतात. पहिला थर काजळी अडवणारा. त्यानंतर संस्कारित कोळसा, जो सायनाइड आणि आम्लवायू पकडतो. मग ओलावा शोषणारा थर आणि शेवटी हॉपकलाइट नावाची काळपट खडी. मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडांचे हे मिश्रण पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या कामातून तयार झाले, आणि दोघांची नावे जोडून त्याला हे नाव पडले. ते कार्बन मोनॉक्साइड साठवून ठेवत नाही. हवेतल्याच ऑक्सिजनशी त्याचा संयोग घडवून त्याचा कार्बन डायऑक्साइड करते. म्हणजे डब्याच्या आत हा वायू ज्वाळेविना जळत असतो.

जळणे म्हटले की उष्णता आलीच. हवेत अर्धा टक्का कार्बन मोनॉक्साइड असेल, तर त्याच्या ज्वलनातून निघणारी उष्णता श्वासाची हवा हिशेबाने पन्नासेक अंशांनी तापवू शकते, एक टक्का असेल तर शंभरेक अंशांनी. डब्याचे धातू आणि खडी त्यातली बरीच उष्णता पिऊन टाकतात, तरीही नाकाशी येणारा श्वास कोरडा आणि गरम होतो. ज्याला हे कोणी सांगितलेले नाही, त्याला दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला वाटते की टोप बिघडला, आत आग शिरली, आणि तो टोप ओरबाडून काढतो, नेमका विषारी वायू सर्वांत जास्त असताना. श्वास तापतो आहे याचा अर्थ हॉपकलाइट काम करत आहे. विकत घेणाऱ्याने दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, एवढे जरूर ठेवावे.

हॉपकलाइटचा शत्रू ओलावा आहे. ओलसर झालेली खडी कार्बन मोनॉक्साइडला हात लावत नाही, आणि हे बाहेरून ओळखू येत नाही. म्हणूनच टोप हवाबंद अ‍ॅल्युमिनियमच्या पाकिटात येतो. आत काय आहे ते पाहू म्हणून पाकीट फोडले आणि पुन्हा घडी घालून कपाटात ठेवले, की पुण्याच्या एका पावसाळ्यात तो टोप निव्वळ काजळीची गाळणी होऊन बसतो. पाकीट फुटलेले, टोचलेले किंवा मुदत उलटलेले असेल, तर तो टोप आगीसाठी नाही असेच धरावे.

गाळणी ऑक्सिजन तयार करत नाही. साध्या हवेत तो २१ टक्के असतो, आणि १७ टक्क्यांच्या खाली गेल्यावर असे टोप वापरायचे नाहीत असा दंडक आहे. त्यामुळे ड्रेनेजच्या चेंबरमध्ये, सेप्टिक टँकमध्ये किंवा विहिरीत उतरताना हा टोप घालणे म्हणजे मरण ओढवून घेणे. गॅस गळतीतही त्याचा उपयोग नाही, तिथे भीती स्फोटाची असते. आगीच्या ज्वाळेपासूनही तो क्षणभरापलीकडे वाचवत नाही.

युरोपात अशा टोपांसाठी ईएन ४०३ हे मानक आहे. त्यात टोपाची पंधरा मिनिटांची चाचणी होते. त्यासाठी हवेत अ‍ॅक्रोलिन, हायड्रोजन क्लोराइड आणि हायड्रोजन सायनाइड मिसळतात, आणि कार्बन मोनॉक्साइड पाव टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत. खरेदी करताना डब्यावर ‘३० मिनिटे’ किंवा ‘६० मिनिटे’ किती ठळक छापले आहे हे पाहण्यापेक्षा कार्बन मोनॉक्साइडचा उल्लेख आहे का, कोणत्या मानकाप्रमाणे चाचणी झाली आणि मुदत केव्हा संपते, हे पाहावे. नुसते ‘विषारी धूर रोखतो’ एवढेच लिहिलेले असेल, तर घेऊ नये.

आता हा टोप नेमका केव्हा कामाला येतो ते एका घरावरून पाहू. कोथरूडमधली खाली पार्किंग आणि वर पाच मजले असलेली, एकच जिना असलेली इमारत घेऊ. चौथ्या मजल्यावर नवरा-बायको, सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा राहतात. रात्री दोन वाजता पार्किंगमधला मीटर बोर्ड पेटतो, शेजारच्या दोन स्कूटर धरतात. जिना म्हणजे उभे धुराडेच. धूर वर चढतो, गच्चीचे दार कुलूपबंद असल्यामुळे आधी पाचव्या मजल्याशी साचतो आणि मग खाली भरत येतो. घरात दोन टोप आहेत.

पहिला विचार येतो तो टोप घालून उतरण्याचा. वेळेचा हिशेब तर सोपा दिसतो. चार मजल्यांचा जिना तीसेक मीटर चालण्याचा, आणि काळोख्या धुरात कठडा धरून अंदाज घेत उतरले तरी दोन-तीन मिनिटांत खाली. पंधरा मिनिटांच्या टोपाला हे सहज झेपावे. पण आग जिन्याच्या पायथ्याशी आहे. उतरणारा माणूस दर मजल्यागणिक अधिक उष्णतेत आणि अधिक दाट धुरात शिरतो, आणि शेवटी त्याला ज्वाळेशेजारूनच बाहेर पडायचे असते. शिवाय टोप दोन आणि माणसे चार. इथे योग्य निर्णय म्हणजे मुख्य दार बंद ठेवणे, फटींत ओले कपडे कोंबणे, रस्त्याच्या बाजूच्या गॅलरीत जाणे, गॅलरीचे दार मागून ओढून घेणे आणि १०१ किंवा ११२ वर मजला आणि गॅलरी कोणत्या बाजूला आहे ते सांगणे. गच्चीकडे धावणे सर्वांत वाईट, कारण धूर तिथेच आधी साचलेला असतो. टोप जवळ ठेवावेत. दार गळायला लागून गॅलरीतही धूर आला, तर ते तिथे कामी येतील.

त्याच घरात आग दुसरीकडे लागली, तर उत्तर उलटे येते. समजा, हॉलमधला एसी पेटला, झोपायच्या खोल्या आतल्या बाजूला आहेत, आणि मुख्य दारापर्यंत जायला धुराने भरलेला आठ-दहा मीटरचा पॅसेज ओलांडावा लागतो. दारापलीकडे जिना स्वच्छ आहे. धुराचा छोटा पट्टा आणि त्यापलीकडे चांगली हवा, याच प्रसंगासाठी स्मोक हूड बनलेला आहे. इथे तो जीव वाचवतो. अरुंद बोळ आणि लाकडी जिना असलेल्या पेठेतल्या जुन्या वाड्यातही असे घडू शकते, मात्र जिनाच पेटला असेल तर तिथेही टोप उपयोगाचा नाही.

पाकीट फाडून टोप चढवायला सराव असलेल्याला पंधरा-वीस सेकंद लागतात, नसलेल्याला याच्या कितीतरी पट. काही टोपांच्या डब्याला आतून-बाहेरून बुचे असतात. ती उपटली नाहीत तर श्वासच येत नाही, आणि घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही. वेणी किंवा अंबाडा पूर्ण आत घ्यावा लागतो. गळ्याच्या रबरी पट्टीत केस, ओढणी किंवा मंगळसूत्र अडकले की तिथून धूर आत येतो. चष्मा चालतो. दाढी असेल तर आतला मुखवटा नीट टेकत नाही. दमा असलेल्याला गाळणीतून श्वास ओढणे जड जाते, त्यामुळे सासूबाईंसाठी टोप घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. प्रौढांचा टोप लहान मुलाच्या गळ्याशी सैल राहतो. सहा वर्षांच्या मुलाला तो घालून निर्धास्त होणे चुकीचे. मुलांसाठी बनवलेला, वय किंवा गळ्याचा घेर लिहिलेला टोपच घ्यावा.

मग कुटुंबाने तो घ्यावा का? माझे मत असे, की झोपायच्या खोलीबाहेर धुराचा अलार्म नसेल, तर आधी तो घ्यावा. माणूस जागाच झाला नाही, तर टोप पाकिटातच राहतो. अलार्म आहे, रात्री आतली दारे लावून झोपण्याची सवय आहे आणि जिन्यातली सायकल, चपलांचे कपाट हलवले आहे, त्यानंतर टोपाचा विचार करावा. ज्या घरातून बाहेर पडायला लांब आतला पॅसेज ओलांडावा लागतो आणि गॅलरी नाही, त्या घराने तो जरूर घ्यावा. घ्यायचा तर माणशी एक, कारण चार जणांत दोन टोप असले तर ऐन वेळी कोणी घालायचा हा वाद अंधारात सुटत नाही. तळमजल्यावर किंवा दोन्ही बाजूंनी उघड्या गॅलऱ्या असलेल्या चाळीत त्या पैशांचा अग्निशामक जास्त उपयोगी पडेल.

घेतलेला टोप उशालगतच्या भिंतीवर खुंटीला टांगावा, पोटमाळ्यावर किंवा स्वयंपाकघरात ठेवू नये. मुदत संपली की टाकून न देता पाकिटावर मार्करने ‘सराव’ असे ठसठशीत लिहावे, दिवे मालवून घरातल्या प्रत्येकाने तो एकदा फोडून, बुचे काढून, चढवून पाहावा, आणि खुंटीवर नवा टांगावा.