टाकीत पाणी कमी येतंय? आधी पाइप बघा

"टाकीत पाणी कमी चढतंय, तर मोठ्या एचपीची मोटर बसवा."

मोटर वाढवली की पाणी थोडं वाढतं, म्हणून हा सल्ला पटतो. पण बऱ्याचदा अडचण पाइपात असते.

तासगावकडची एखादी बाग घ्या. विहिरीतल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत उभी उंची 20 मीटर, पाइप 300 मीटर, सेकंदाला 3 लिटर पाणी हवं. पाइप आतून 50 मिलिमीटर असेल तर घर्षणात सुमारे 16 मीटर उंचीइतका जोर जातो. म्हणजे पंपाला एकूण 36 मीटर उंचीइतका जोर, म्हणजेच 36 मीटरचा हेड लागतो.

पाणी चढवायला लागणारी शक्ती म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा आकडा, लिटर आणि हेड यांचा गुणाकार: 9.81 × 3 × 36 = साधारण 1060 वॅट. पंपाची कार्यक्षमता 50 टक्के धरली तर शाफ्टवर 2120 वॅट, म्हणजे 2.8 एचपी. वर 15 टक्के राखीव धरली की 3 ची मोटर अपुरी पडते आणि 5 ची घ्यावी लागते. (पाटीवरचा एचपी शाफ्टवरचाच असतो, मोटरमधली घट वीजबिलात दिसते.)

आता तोच पाइप आतून 63 मिलिमीटरचा घ्या. घर्षण 5 मीटरवर येतं, हेड 25 वर, आणि 3 एचपी पुरते. उलट बारीक पाइपात पाणी दुप्पट ढकललं तर घर्षण जवळजवळ चौपट होतं!

खात्री करायची तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढे प्रेशर गेज लावा. पंप चालू असतानाचा आणि बंद केल्यावरचा आकडा बघा. दोन्हींतला फरक हे घर्षण. गेजवरच्या 1 किलो दाबाला 10 मीटर धरा. बंद केल्यावर काटा उतरतच राहिला, तर व्हॉल्व्ह गळतोय, तो आधी बदला.