डिफॉल्टर नोटीस आणि पालकांना लिहिलेला ईमेल

हजेरी घसरली की कॉलेजमधून घरी दोन प्रकारची पत्रं जाऊ शकतात. एक म्हणजे ऑफिसची डिफॉल्टर नोटीस, दुसरं म्हणजे शिकवणाऱ्याने स्वतः लिहिलेला ईमेल. दोन्हींत तीच मुलगी आणि तेच मस्टर असतं. म्हणून आपण प्राध्यापक बरेचदा नोटिशीचाच मजकूर उचलतो, खाली आपलं नाव टाकतो आणि त्याला ईमेल म्हणतो. मीही अनेक वर्षं हेच करत होते.

नोटिशीचं काम नोंद ठेवण्याचं आहे. ‘आपल्या पाल्याची उपस्थिती ५९ टक्के असून ती आवश्यक ७५ टक्क्यांपेक्षा कमी आहे. टर्म ग्रँट न झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही.’ ही भाषा तिच्या जागी योग्यच आहे. उद्या कुणी म्हणालं की आम्हाला कळवलंच नव्हतं, तर हा कागद दाखवता येतो. पण पालकाने आता काय करावं, हे त्यातून समजत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण घेते. माझ्या विषयाची आठवड्याला चार लेक्चर्स, म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात ६०. आठ आठवड्यांत ३२ झाली, त्यातली १९ तिने केली. टक्केवारी काढली तर ५९. हा आकडा वाचून कुणालाही वाटेल की मुलगी पहिल्यापासूनच अधूनमधून दांड्या मारते. मस्टर उघडून चार-चार आठवडे वेगळे मोजले तेव्हा दिसलं ते असं: पहिल्या १६ पैकी १५ ला हजर, नंतरच्या १६ पैकी फक्त ४ ला. ती चारही शुक्रवारची, अकराची. सोमवार, मंगळवार, बुधवारची साडेसातची बाराही लेक्चर्स बुडालेली.

कमी हजेरी आणि घसरलेली हजेरी यांतला हा फरक ५९ या आकड्यात दिसत नाही. ईमेलमध्ये तोच लिहायचा असतो.

आधी तिच्याशीच बोलले. घरी लिहिणार आहे, हेही तिला सांगितलं. ती फारसं बोलली नाही. मग लिहिलं:

‘सप्रेम नमस्कार. मी आपल्या मुलीला दुसऱ्या वर्षाला शिकवते. पहिल्या चार आठवड्यांत ती १६ पैकी १५ लेक्चर्सना हजर होती. गेल्या चार आठवड्यांत १६ पैकी ४ ना. सकाळी साडेसातचं एकही लेक्चर तिला जमलेलं नाही, अकराचं मात्र तिने चुकवलेलं नाही. सत्राअखेर ६० पैकी ४५ लागतात. आता २८ उरली आहेत, त्यातली २६ तिने केली तर ७५ टक्के पूर्ण होतात. सकाळी वेळेवर पोहोचण्यात काही अडचण आहे का? मस्टरमध्ये आमची चूक वाटली तर तेही कळवा. मी दुपारी दोन ते तीन विभागात असते. फोन केलात तरी चालेल.’

यात ‘निष्काळजी’, ‘अनियमित’, ‘अभ्यासात लक्ष नाही’ असं काही नाही. मस्टरला ती वर्गात नव्हती एवढंच माहीत असतं. का नव्हती, हे विचारावं लागतं. ‘अडचण आहे का’ या प्रश्नाआधी आकडे नसते, तर तो नुसता शिष्टाचार ठरला असता. साडेसात आणि अकरा शेजारी ठेवल्यामुळे घरच्यांना नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

धाकाची भाषा मी आणखी एका कारणासाठी टाळते. काही घरांत मुलीला पुढे शिकवायचं की नाही, हा निर्णय आधीच काठावर असतो. तिथे ‘डिफॉल्टर’ हा एक शब्द ‘पुरे झालं कॉलेज’ म्हणायला पुरतो.

अर्थात या ईमेललाही मर्यादा आहे. टर्म ग्रँट होईल असं आश्वासन त्यात देता येत नाही, तो अधिकार माझा नाही. आजारपणाबद्दल किंवा घरातल्या ताणाबद्दल विद्यार्थिनीने विश्वासाने सांगितलेलं त्यात लिहायचं नाही. वर्गाची पूर्ण यादी जोडायची नाही, कारण तीत इतरांची नावं असतात. आणि पाठवण्यापूर्वी एनएसएसचं शिबिर, खेळाच्या स्पर्धा यांच्या दिवसांची हजेरी मस्टरला चढली आहे का, ते बघायचं. एका वर्षी मी ते पाहिलं नव्हतं. शिबिराला गेलेल्या मुलाच्या आईला फोनवर माफी मागावी लागली.

वेळही दोन्हींची वेगळी. नोटीस बहुधा महिनाअखेरीची यादी लागल्यावर निघते. ईमेल मात्र पाच-सहा लेक्चर्स बुडाली की जायला हवा. या मुलीच्या बाबतीत मला दोन आठवडे उशीरच झाला. सहाव्या आठवड्यात लिहिलं असतं, तर उरलेल्या ३६ पैकी २८ पुरली असती.

दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला. गावातून सुटणारी पहाटेची गाडी महिन्याभरापासून बंद होती, पुढची गाडी कॉलेजला नऊनंतर पोहोचायची. मुलगी रोज घरून निघत होती, त्यामुळे लेक्चर्स बुडताहेत हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या आठवड्यापासून तालुक्याला दूध घालायला जाणाऱ्या शेजाऱ्याच्या टेम्पोतून ती यायला लागली.