मांजराचे तोंड उघडून श्वास घेणे

निरोगी मांजर नाकाने श्वास घेते. धावून दमले तरी ते सहसा तोंड मिटूनच श्वास पूर्ववत करते. म्हणून शांत बसलेल्या मांजराचे तोंड उघडे असेल, जीभ थोडी बाहेर आली असेल आणि प्रत्येक श्वासाला पोट हलत असेल, तर ही तातडीची वैद्यकीय स्थिती समजावी आणि त्याच घटकेला पशुवैद्याकडे निघावे. ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ हा निर्णय इथे जिवावर बेततो.

गैरसमज बहुधा कुत्र्यामुळे होतो. कुत्र्याचे धापा टाकणे ही शरीर थंड करण्याची रोजची पद्धत आहे. मांजर मात्र सावली गाठते, अंग पसरून पडते आणि केस चाटून ओले करते. लाळ सुकताना उष्णता निघून जाते. हे सारे उपाय अपुरे पडले तरच ते धापू लागते. त्यामुळे उकाड्याने धापणारे मांजरही सुखरूप नसते, ते उष्माघाताच्या वाटेवर असते.

थोडे अपवाद आहेत. दुसऱ्या प्राण्याच्या मूत्राचा वास घेतल्यावर मांजर वरचा ओठ उचलून काही सेकंद तोंड अर्धवट उघडे ठेवते. तो वास टाळूतील खास इंद्रियापर्यंत नेण्याचा प्रकार आहे, तेव्हा श्वासाची गती वाढत नाही. पिल्लू जोरात खेळल्यावर, मांजर गाडीच्या प्रवासात घाबरल्यावर किंवा मांजरी विताना थोडा वेळ धाप दिसू शकते. खेळ किंवा भीती थांबल्यावर ती काही मिनिटांत पूर्ण थांबली पाहिजे. थोड्याशा खेळाने पुन्हा पुन्हा धाप लागत असेल, तर तरुण आणि चपळ मांजराचेही हृदय तपासून घ्यावे.

कारणे अनेक आहेत: दमा, छातीला मार, रक्तक्षय, नाक चोंदवणारा संसर्ग, विषबाधा. माणसासाठीची पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी विष ठरते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता जाते आणि हिरड्या तपकिरी पडतात. पण मालकाला सर्वांत जास्त फसवणारे कारण म्हणजे छातीत पाणी साठणे. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये निरोगी अवस्थेत फक्त ओलावा असतो. हृदयविकार, पू, लसिका किंवा गाठीचा आजार यांमुळे तिथे द्रव जमू लागला की फुप्फुसाला फुगायला जागा उरत नाही. मांजर याची भरपाई हालचाल कमी करून करते. ते उंच उडी मारत नाही, जास्त झोपते, पलंगाखाली बसते. घरातल्यांना वाटते, स्वभाव शांत झाला. तोंड उघडेपर्यंत पाच किलोच्या मांजराच्या छातीत दोनशे मिलिलिटरच्या आसपास द्रव जमलेला असू शकतो आणि शरीराकडे राखीव ताकद उरलेली नसते. म्हणूनच अशा मांजराला नुसते दाबून धरले तरी ते हातात दगावू शकते. झटापटीत प्राणवायूची गरज वाढते आणि ती भागवणारे फुप्फुस आधीच दबलेले असते.

समजा, सात वर्षांचा, पाच किलोचा बोका दोन दिवसांपासून कमी खात आहे. आज तो छाती जमिनीला टेकवून बसला आहे, कोपरे बाहेर फाकलेली, मान पुढे ताणलेली, तोंड उघडे. हात न लावता दुरून छातीकडे पाहावे. छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक श्वास. पंधरा सेकंदांत सोळा श्वास झाले, म्हणजे मिनिटाला चौसष्ट. विश्रांतीत हा आकडा साधारण पंधरा ते तीस असतो. चाळीसच्या पुढचा आकडा तोंड मिटलेले असले तरी धोक्याचा. बोका घुरघुरत असेल म्हणून निश्चिंत होऊ नये. त्रासातही मांजर घुरघुरते. हिरडी सहज दिसली तर रंग पाहावा. निळसर, राखाडी किंवा पांढरी हिरडी म्हणजे एक मिनिटही वाया घालवायचा नाही. पण ती पाहण्यासाठी तोंड ओढून उघडू नये.

आता घरात एकाच माणसाने दवाखान्यात फोन करून ‘मांजर तोंडाने श्वास घेत आहे, आम्ही निघालो’ एवढे सांगावे, म्हणजे तिथे प्राणवायू तयार राहील. जवळचा दवाखाना बंद असेल तर रात्री उघडे असणारे रुग्णालय गाठावे. शक्य असल्यास दहा-पंधरा सेकंदांचे चित्रण करून घ्यावे, कारण तपासणीच्या टेबलावर श्वासाची पद्धत बदलू शकते. वरून उघडणारी, हवेशीर पेटी सर्वांत बरी. बोक्याला टॉवेलमध्ये गच्च गुंडाळू नये. पोटाखाली हात घालून तो ज्या अवस्थेत बसला आहे त्याच अवस्थेत उचलून पेटीत ठेवावा. पाठीवर किंवा कुशीवर झोपवू नये. पडून राहिल्याने दबलेले फुप्फुस आणखी दबते. गाडी थंड ठेवावी, आवाज नको, पेटीतून बाहेर काढून कुरवाळणे नको.

पाणी, दूध, अन्न किंवा औषध तोंडात घालू नये. धापणाऱ्या मांजराच्या श्वासनलिकेत ते सहज जाते. माणसाचे कोणतेही औषध देऊ नये. वाफ देणे, पाठ थोपटणे, छाती दाबणे यांनी फक्त ताण वाढतो. अपवाद दोनच. दम्याचे निदान आधी झालेले असेल आणि पशुवैद्याने फवारा व मुखवटा दिलेला असेल, तर ठरवून दिलेला डोस द्यावा. मांजर विरोध करू लागले की थांबावे. आणि बंद खोलीत किंवा उन्हात अडकलेले मांजर तापले असेल, तर साध्या, गार पण बर्फाळ नसलेल्या पाण्याने पंजे, पोट व जांघा ओल्या करून पंखा लावावा आणि लगेच निघावे. बर्फाने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच राहते. मागचे पाय अचानक लुळे व थंड पडले असतील तर तेही फोनवर सांगावे. हृदयातून सुटलेली गुठळी तिथे अडकलेली असू शकते.

दवाखान्यात पहिली गोष्ट क्ष-किरण नव्हे, प्राणवायू असावी. आधी पेटीत किंवा तोंडाजवळ नळी धरून प्राणवायू, मग ब्यूटॉर्फेनॉलसारखे सौम्य शामक, मग बसलेल्या अवस्थेतच सोनोग्राफी. द्रव दिसला तर बरगड्यांमधून सुई घालून तो काढतात. बऱ्याच मांजरांचे तोंड यानंतर लवकर मिटते. फुप्फुसातच पाणी झाले असेल तर मात्र सुईचा उपयोग नसतो. तिथे जादा पाणी लघवीवाटे काढणारे फ्युरोसेमाइड हे औषध लागते. मांजराला जोर लावून आडवे पाडून चित्र काढण्याची घाई होत असेल, तर मालकाने ‘आधी प्राणवायू द्या’ असे नम्रपणे पण ठामपणे सांगायला हरकत नाही. तसेच ‘अशक्तपणा’ म्हणून लगेच सलाइन चढवणे हृदयविकारात धोक्याचे ठरते. छातीत काय आहे हे कळेपर्यंत थांबलेले बरे.

काढलेला द्रव तपासणीला पाठवतात, कारण पुढचे उपचार त्यावरच ठरतात. पुवाळ द्रव म्हणजे निचरा आणि प्रतिजैविके, दुधाळ म्हणजे लसिका, पातळ आणि स्वच्छ असेल तर हृदयाची इकोकार्डिओग्राफी. हृदयविकार असलेल्या मांजराला घरी आणल्यावर गाढ झोपेत रोज एकदा श्वास मोजून वहीत लिहावेत. झोपेतला आकडा तीसच्या वर सलग दिसू लागला, तर तोंड उघडण्याची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करावा. त्या वेळी औषधाचा डोस बदलून बऱ्याचदा भागते.