आयकॉनला वंदन, आराधना मात्र देवाचीच

ग्रीक किंवा रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आलेला भाविक मेणबत्ती लावतो, क्रूसाची खूण करतो आणि लाकडी फळीवर रंगवलेल्या ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेचे, म्हणजे आयकॉनचे, चुंबन घेतो. कोरीव मूर्तीपुढे नमू नये अशी बायबलची स्पष्ट आज्ञा असताना हे कसे चालते, हा प्रश्न आठव्या शतकात बायझंटाईन साम्राज्यात चांगलाच पेटला होता.

सम्राट तिसरा लिओ प्रतिमांच्या विरोधात गेला, आणि त्याचा मुलगा पाचवा कॉन्स्टंटाईन याने 754 मध्ये हिएरिया येथे भरवलेल्या धर्मसभेने त्या विरोधाला तात्त्विक आधार दिला. सभेने टाकलेला पेच मोठा चतुर होता: ख्रिस्ताचे चित्र काढणारा एक तर अमर्याद देवत्वाला रेषांत कोंडू पाहतो, नाही तर देवत्व वगळून नुसता माणूस रंगवतो. मुस्लिम राजवटीत राहत असल्याने सम्राटाच्या हाती न लागणारा दमास्कसचा योहान याने त्याआधीच लिहून ठेवले होते की, अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही हे खरेच, परंतु जो देव देह धारण करून माणसांच्या डोळ्यांना दिसला, त्याचे काढता येते. पुढे स्टुडिओस मठाच्या थिओडोरने पेच पुरता सोडवला. चित्र दैवी किंवा मानवी ‘स्वभावा’चे नसतेच, ते व्यक्तीचे असते, असे त्याचे म्हणणे.

787 मध्ये निकिया येथील दुसऱ्या धर्मसभेने ग्रीकमधील दोन शब्द काटेकोरपणे वेगळे केले. ‘लात्रेया’ म्हणजे आराधना ही केवळ देवाची. ‘प्रोस्किनेसिस’ म्हणजे आदराने केलेले वंदन हे क्रूस, शुभवर्तमानाचा ग्रंथ आणि आयकॉन यांनाही देता येते, कारण प्रतिमेला दिलेला मान तिच्यातील मूळ व्यक्तीला पोहोचतो. निर्मिलेल्या वस्तूलाच देव मानणे म्हणजे या परंपरेच्या लेखी मूर्तिपूजा. (मराठीत या शब्दाला असलेली अर्थछटा येथे अभिप्रेत नाही.) सातव्या शतकातील लिओंटियस या बिशपने दिलेली कसोटी तर अगदी घरगुती आहे: दोन लाकडे क्रूसाच्या आकारात जोडलेली असतात तोवर मी त्यांना वंदन करतो, ती सुटी झाली की जाळून टाकतो.

हा भेद भाषांतरात मात्र टिकला नाही. रोममध्ये झालेल्या लॅटिन अनुवादात वंदनासाठी आराधनेचाच शब्द पडला, आणि पश्चिम युरोपातील फ्रँक राजा शार्लमेन याच्या दरबारातील पंडितांनी निकियाने मुळात न मांडलेल्या मताचे सविस्तर खंडन केले. मराठीतही सगळ्यालाच सरसकट ‘पूजा’ म्हटले, तर हाच घोटाळा होतो.

बायझंटाईन साम्राज्यात आयकॉनवरील बंदी 815 मध्ये पुन्हा आली आणि 843 मध्ये कायमची उठली. योहानाच्या युक्तिवादाची मर्यादाही पुढे पाळण्याचा प्रयत्न झाला: जो देहधारी झाला नाही त्या पित्याचे चित्र काढू नये, असे 1666–67 च्या मॉस्को धर्मसभेने ठरवले, तरी पांढऱ्या दाढीच्या वृद्धाच्या रूपातील पिता रशियन चर्चमध्ये आजही आढळतो.