सीटचं उत्पन्न किती पक्कं?

"सॉफ्टवेअरला सीटप्रमाणे, म्हणजे वापरणाऱ्या माणसांच्या संख्येवर, दर लावला की उत्पन्नाचा अंदाज पक्का, वापराप्रमाणे लावला की सगळं बेभरवशाचं," असं म्हटलं जातं.

पण सीटचा आकडा पक्का असतो तो फक्त करार संपेपर्यंत. समजा, ग्राहकाने वर्षासाठी १०० सीट घेतल्या आणि तिसऱ्या महिन्यापासून ६० जणच लॉगिन करतात. महसूल वर्षभर जागचा हलत नाही आणि नूतनीकरणाच्या वेळी एकदम ४० टक्के गळतो. वापरावर बिल असतं, तर ही घसरण तेव्हाच दिसली असती. म्हणून पैसे भरलेल्या सीटपैकी किती खरोखर चालू आहेत, हे दरमहा बघाच.

वापराच्या दराला वार्षिक किमान रकमेची हमी जोडता येते. तेवढा भाग ठरलेला राहतो, त्यावरचा वापर तेवढा खालीवर होतो. मात्र हमी प्रत्यक्ष वापरापेक्षा फार मोठी ठेवली, तर पुढच्या करारात ग्राहक तीच कमी करायला लावतो.